एका मितीतली एफडीटीडी: पल्स, सरकवलेली जाळी आणि स्थैर्याची मर्यादा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुढची सगळी उत्तरं एकाच उदाहरणाभोवती फिरतात. दोन मीटर लांबीची एक रेषा आहे, तिचे पाच-पाच मिलिमीटरचे ४०० खण केले आहेत आणि तिच्यावरून विद्युतचुंबकीय लहरीची एक गाउसियन पल्स सोडली आहे. उजव्या बाजूला, १.२५ मीटरपासून पुढे, डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४ असलेलं माध्यम भरलं आहे. प्रश्न साधारण ज्या क्रमाने पडतात त्याच क्रमाने ठेवले आहेत. त्यामुळे पहिल्यांदा वाचणाऱ्याने वरून खाली जावं, आणि ज्याचा कोड आत्ताच फुटला आहे त्याने थेट स्थैर्याच्या प्रश्नाकडे वळावं.

## हा प्रोग्राम नेमकं काय सोडवतो?

मॅक्सवेलच्या समीकरणांपैकी दोन, तीही फक्त x दिशेपुरती. विद्युतक्षेत्र `Ez` आणि चुंबकीय क्षेत्र `Hy` अशी दोनच राशी उरतात. `Hy` काळानुसार किती बदलेल ते `Ez` चा जागेतला उतार ठरवतो, आणि `Ez` किती बदलेल ते `Hy` चा उतार ठरवतो. दोघं एकमेकांना पुढे ढकलत जातात, आणि या ढकलाढकलीलाच आपण लहर म्हणतो.

केन यी यांनी १९६६ साली हे गणित संगणकावर मांडायची रीत दिली. त्या रीतीला एफडीटीडी, म्हणजे फायनाइट-डिफरन्स टाइम-डोमेन, हे नाव मात्र १९८० मध्ये ॲलन टॅफ्लव यांनी दिलं. मूळ कल्पना इतकी साधी आहे की एका मितीत तिचा गाभा दोन ओळींत मावतो. गंमत म्हणजे लोक अडकतात ते त्या दोन ओळींत नाही, आजूबाजूच्या गोष्टींत.

## सगळ्यात लहान चालणारा कोड कसा दिसतो?

असा:

```python
import numpy as np

c0, eta0 = 299792458.0, 376.730313668
N, dx, S = 400, 0.005, 0.5
dt = S * dx / c0

ez = np.zeros(N + 1)
hy = np.zeros(N)
src, tau, t0 = 100, 40, 240

for n in range(701):
    hy += (S / eta0) * np.diff(ez)
    ez[1:-1] += (S * eta0) * np.diff(hy)
    ez[src] += np.exp(-((n - t0) / tau) ** 2)
```

`c0` हा प्रकाशाचा वेग आणि `eta0` हा निर्वाताचा इम्पीडन्स; `S` म्हणजे काय ते पुढे येईल. यात `dt` साधारण ८.३४ पिकोसेकंद येतो, म्हणजे ७०१ पायऱ्या मिळून सहा नॅनोसेकंदांपेक्षा थोडा कमी वेळ. पल्सची रुंदी `tau` आणि तिच्या माथ्याची वेळ `t0` मुद्दाम सेकंदांत न देता पायऱ्यांत दिले आहेत, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर राहतात. `dt` स्वतः लूपमध्ये कुठेच नाही हेही लक्षात घ्या. तो `S` मध्ये मिसळून गेला आहे आणि फक्त आलेखाच्या अक्षावर खरा वेळ लिहायचा असेल तेव्हाच लागतो.

`t0` हा `tau` च्या सहापट का, असं विचारलं जातं. पहिल्या पायरीला गाउसियनची किंमत e चा उणे ३६ वा घात, म्हणजे साधारण २ × १०⁻¹⁶ असते. संगणकाच्या दृष्टीने ती शून्यातच जमा. तिप्पट घेतलं तर तीच किंमत ०.०००१२ होते. मग पल्स हळूच उगवत नाही, एका बारीक धक्क्याने सुरू होते. हा धक्का आलेखावर दिसत नाही, पण त्यात सगळ्या लहान तरंगलांब्या भरलेल्या असतात आणि पुढे त्या त्रास देतात.

## जाळी सरकवायची कशाला? दोन्ही क्षेत्रं एकाच बिंदूवर ठेवली तर काय बिघडतं?

हा प्रश्न टाळून पुढे गेलात तर बाकीचं सगळं पाठांतर होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा `Ez` आणि `Hy` दोन्ही त्याच बिंदूंवर आहेत. दहाव्या बिंदूवर `Hy` बदलायचा तर `Ez` चा उतार दहाव्या बिंदूवर हवा. दोन्ही बाजूंना सारखा न्याय द्यायचा तर अकराव्या आणि नवव्या बिंदूंमधला फरक घ्यावा लागतो आणि त्याला `2*dx` ने भागावं लागतं. म्हणजे खण पाच मिलिमीटरचा केला तरी उतार मोजायची पट्टी दहा मिलिमीटरचीच राहिली. या फरकाची चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती चौपट होते.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. `Ez` च्या किमती बिंदूगणिक +१, −१, +१, −१ अशा करवतीसारख्या असतील, तर नवव्या आणि अकराव्या बिंदूची किंमत सारखीच येते. फरक शून्य, उतार शून्य. जाळीवर याहून खडबडीत आकार असूच शकत नाही, आणि नेमका तोच या सूत्राला सपाट जमीन वाटतो. सम आणि विषम बिंदू जणू दोन वेगळ्या वाड्यांत राहायला जातात आणि त्यांचं बोलणं फक्त शेजारच्या क्षेत्रामार्फत होतं. मग उत्तरात एकाआड एक बिंदू वर-खाली होणारी कुरकुर शिरते आणि ती कोणी पुसत नाही.

यींची युक्ती अशी की `Hy` ला `Ez` च्या दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये बसवायचं. आता `hy[10]` ची जागा १०.५ आहे. तिथला उतार म्हणजे `ez[11] - ez[10]`, भागिले एक खण. हा फरक त्या जागेच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावरून घेतलेला आहे, म्हणून मध्यबिंदूचा फरक असल्याचा फायदा मिळतो आणि पट्टीही लांब होत नाही. करवतीचा आकार आला तर शेजारचा फरक २ येतो, म्हणजे तो स्पष्ट दिसतो. कोडमधलं `np.diff` हेच करतं, आणि `diff` केलेली यादी एकाने लहान होते ही गोष्ट इथे आपोआप जुळून येते.

## `ez` मध्ये ४०१ आणि `hy` मध्ये ४०० बिंदू का?

कुंपणाचे खांब आणि त्यांमधल्या फटी. खांब एकाने जास्त असतात.

आलेख काढताना मात्र हे विसरू नका. `Ez` साठी अक्ष `np.arange(N+1)*dx` आणि `Hy` साठी `(np.arange(N)+0.5)*dx` घ्या. दोन्ही एकाच अक्षावर काढायची म्हणून `ez[:-1]` करून जुळवून घेणारे पुष्कळ कोड पाहिले आहेत. चित्र निघतं, पण अर्ध्या खणाची चूक त्यात गोठते.

`Hy` चा आलेख उलटा दिसतो म्हणून घाबरू नका. या चिन्हांच्या मांडणीत उजवीकडे जाणाऱ्या लहरीसाठी `Hy = -Ez/eta0` आणि डावीकडे जाणाऱ्यासाठी `+Ez/eta0` येतं. उजवी पल्स वर आणि तिचं चुंबकीय क्षेत्र खाली दिसलं तर कोड बरोबर आहे.

## वेळेतही अर्धी पायरी सरकवलेली असते म्हणतात. कोडमध्ये ती कुठे दिसते?

दिसत नाही, ती ओळींच्या क्रमात लपलेली असते. `hy` ची ओळ आधीचा `ez` वापरते. त्यानंतरची `ez` ची ओळ नुकताच बदललेला `hy` वापरते. म्हणजे `Ez` पूर्ण पायऱ्यांवर उभा असतो आणि `Hy` अर्ध्या पायऱ्यांवर. जिना चढताना एक पाय स्थिर असताना दुसरा पुढे पडतो, तसं.

इथे एक चूक फार जण करतात, आणि ती «स्वच्छ कोड» लिहिण्याच्या हौसेतून होते. `ez_old = ez.copy()`, `hy_old = hy.copy()` करून दोन्ही नवी क्षेत्रं जुन्या किमतींवरून काढली जातात. वाचायला नीटनेटकं, पण वेळेतली अर्धी पायरी गेली. आता सगळ्यात खडबडीत आकार दर पायरीला `sqrt(1 + 4*S**2)` पट होतो. `S = 0.5` असताना हा आकडा १.४१४ आहे, म्हणजे दर दोन पायऱ्यांना दुप्पट. अंकगोलाईतला १०⁻¹⁶ इतका कचरा शंभर-सव्वाशे पायऱ्यांत १ च्या घरात पोचतो.

हा दोष ओळखायची सोपी खूण आहे. `S` कमी करून बघा. `S = 0.05` केल्यावर वाढ दर पायरीला १.००५ पट होते, त्यामुळे स्फोट हजारो पायऱ्या पुढे ढकलला जातो, पण टळत नाही. स्थैर्याची खरी मर्यादा ओलांडली असेल तर `S` एकच्या खाली आणताच रोग साफ बरा होतो. नुसता लांबत असेल, तर ओळींचा क्रम तपासा.

मी स्वतः पहिल्यांदा ही चूक केली तेव्हा दोन दिवस `dt` लहान-लहान करत बसलो होतो. प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला जमलं, आणि जेवून येईपर्यंत पडद्यावर `nan` हजर.

## `S` म्हणजे काय, आणि तो १ पेक्षा मोठा का चालत नाही?

`S = c0*dt/dx`. एका पायरीत खरी लहर किती खण चालते, तो आकडा. त्याला कूराँ अंक म्हणतात. कूराँ, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनी ही अट १९२८ सालीच मांडली, म्हणजे आजचे संगणक यायच्या आधी.

मनात असं चित्र आणा. एका पूर्ण पायरीत `ez[m]` ला बातमी फक्त `ez[m-1]` आणि `ez[m+1]` यांच्याकडूनच मिळू शकते, मधल्या `hy` मार्फत. सूत्राचा हात एक खणच पोचतो. आता `S = 1.2` घेतलात तर खरी लहर त्याच पायरीत १.२ खण पुढे आली आहे. जिथून ती आली तिथली किंमत सूत्राला माहीतच नाही. मग कितीही बारीक जाळी घ्या, उत्तर बरोबर येणं शक्य नाही.

पण «उत्तर चुकेल» आणि «उत्तर फुटेल» या वेगळ्या गोष्टी आहेत. फुटतं का, ते करवतीच्या आकारावरून कळतं. त्या आकारासाठी दर पायरीचा गुणक असा येतो:

`q = -(S + sqrt(S**2 - 1))**2`

`S` एकच्या आत असेल तर वर्गमूळ काल्पनिक होतं आणि `q` ची लांबी बरोबर १ राहते. लहर डोलते, वाढत नाही. `S = 1.01` घातलं की गुणक −१.३२७ होतो. एक टक्का मर्यादा ओलांडली आणि दर पायरीला तेहतीस टक्के व्याज लागलं, तेही चक्रवाढ.

आपल्या उदाहरणात यातून एक मजेशीर गोष्ट घडते. पल्सचा माथा २४० व्या पायरीला उगमावर येणार असतो. पण सुरुवातीचा १०⁻¹⁶ चा कण दीडशेच्या आसपासच १ च्या घरात पोचलेला असतो. म्हणजे पल्स यायच्या आधीच रंगमंच जळून गेलेला असतो, आणि ७०० व्या पायरीला आकडे १० च्या साठाव्या घाताच्याही पलीकडे जातात. `inf` यायला मात्र अडीच हजारांच्या वर पायऱ्या लागतात, म्हणून `nan` दिसला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा घेऊ नका.

खरा धोका `S = 1.001` सारख्या किमतीचा आहे. तिथे गुणक १.०९४ आहे. साधारण चारशे पायऱ्यांपर्यंत चित्र अगदी देखणं दिसतं. तेवढ्यातच थांबणारा माणूस आपला कोड बरोबर समजून पुढे जातो. अशी किंमत कोणी मुद्दाम घेत नाही. प्रकाशाचा वेग ३ × १०⁸ धरून `dt` काढला आणि नंतर `dx` ची किंमत कुठेतरी गोल केली, की ती आपोआप येते.

फुटताना काय दिसतं तेही बघून ठेवा. सुरुवातीला पल्सच्या गुळगुळीत पाठीवर बारीक दाते उगवतात. सलग दोन बिंदूंची चिन्हं विरुद्ध असतात, आणि `q` उणे असल्यामुळे पुढच्या पायरीला प्रत्येक दाता उलटतो. `ez[148:156]` छापून पाहिलंत आणि चिन्हं +, −, +, − अशी आली, की दुसरा पुरावा लागत नाही. उलट, मोठ्या गुळगुळीत लाटा वाढत असतील तर स्थैर्याला दोष देऊ नका. उगमाची ओळ किंवा टोकाची ओळ चुकली असण्याची शक्यता जास्त.

एक तपशील सांगून ठेवतो: यींच्या मूळ लेखातली स्थैर्याची अट बरोबर नव्हती. ती टॅफ्लव आणि ब्रॉडविन यांनी १९७५ मध्ये नीट मांडली. त्यामुळे आपली अट पहिल्या फटक्यात चुकली तर फार मनाला लावून घेऊ नये.

## मग `S` अगदी लहान घेतला की उत्तर जास्त अचूक येईल ना?

नाही. सगळ्यांनाच हे उलटं वाटतं.

जाळीवरची लहर खऱ्या लहरीपेक्षा किंचित हळू चालते, आणि तरंगलांबी जितकी लहान तितकी जास्त रेंगाळते. वेळेच्या पायरीमुळे होणारी चूक नेमकी उलट्या दिशेची असते. `S` एकच्या जवळ असताना दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात, आणि निर्वात एका मितीत `S = 1` ला त्या पूर्णपणे कटतात. पल्स दर पायरीला बरोबर एक खण सरकते. म्हणून या किमतीला लोक जादूची पायरी म्हणतात.

तरंगलांबी २० खणांची असेल तर `S = 0.5` ला लहर ०.३१ टक्के हळू चालते. `S = 0.1` केलं तर पाचपट वेळ खर्चून ती ०.४१ टक्के हळू चालते. काम वाढलं आणि चूकही वाढली. `S = 0.99` ला हीच चूक ०.०१ टक्क्याच्या आत येते. तरंगलांबीला फक्त १० खण दिले तर `S = 0.5` वर चूक १.२४ टक्के होते, म्हणजे ३०० खण चालल्यावर जवळजवळ चार खणांची पिछाडी.

पडद्यावर ही पिछाडी पल्सच्या मागे लोंबणाऱ्या लहान-लहान कुरळ्यांच्या रूपात दिसते. अनेकांना ते अस्थैर्य वाटतं, पण या कुरळ्या वाढत नाहीत, फक्त पसरत जातात. त्यावर औषध एकच: पल्स रुंद करा किंवा `dx` लहान करा. आपल्या उदाहरणात पल्सची अर्धी रुंदी २० खण आहे, म्हणून कुरळ्या दिसतच नाहीत. `tau = 4` आणि `t0 = 24` करून बघा, लगेच दिसतील.

जादूची पायरी असताना मी ०.५ का घेतला? कारण `S = 1` वर अनेक चुका झाकल्या जातात. शिवाय माध्यम आलं की लहरीचा वेग बदलतो आणि जादू तिथे तशीही संपते.

## उगमात १ उंचीची पल्स दिली. `S = 1` केल्यावर ती ०.५ का दिसते?

कारण `ez[src] +=` ही ओळ क्षेत्र ठरवत नाही, दर पायरीला त्यात थोडी भर घालते. ती भर दोन्ही बाजूंना वाटली जाते, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लहरीची उंची `1/(2*S)` येते. `S = 0.5` ला ती योगायोगाने १ येते, म्हणून आपल्या कोडमध्ये हा प्रश्न उठत नाही. नेमकी उंची हवी असेल तर भरीला `2*S` ने गुणा.

`+=` ऐवजी `=` लिहिलं तर उंची हवी तेवढीच मिळते, पण त्याची किंमत नंतर मोजावी लागते. पल्स निघून गेल्यावर ती ओळ उगमाच्या बिंदूवर दर पायरीला शून्य लिहीत राहते. तो बिंदू धातूची भिंत बनतो आणि परत येणारी लहर त्यावर आपटून उलटते. प्रतिध्वनी मोजायचा असेल तर हा सापळा हमखास लागतो.

## पल्स टोकाला पोचली की उलटी होऊन परत येते. हे थांबवायचं कसं?

आपल्या कोडमध्ये `ez[0]` आणि `ez[-1]` कधीच बदलत नाहीत, शून्यच राहतात. शून्य विद्युतक्षेत्र म्हणजे आदर्श धातू. दोरीचं टोक खिळ्याला बांधलं की झटका उलटा होऊन परततो, तोच प्रकार. म्हणजे ही चूक नाही, न सांगता घातलेली भिंत आहे.

भिंत काढायला एका मितीत ग. मुर यांची १९८१ ची पहिल्या दर्जाची अट पुरते. `ez` ची ओळ बदलून अशी लिहा:

```python
    a0, a1, b0, b1 = ez[0], ez[1], ez[-1], ez[-2]
    ez[1:-1] += (S * eta0) * np.diff(hy)
    ez[0] = a1 + kL * (ez[1] - a0)
    ez[-1] = b1 + kR * (ez[-2] - b0)
```

लूपच्या आधी `kL = kR = (S-1)/(S+1)` ठेवा. अर्थ इतकाच की टोकाजवळची लहर बाहेरच जाते आहे असं धरून टोकाची किंमत शेजाऱ्याच्या जुन्या किमतीवरून काढायची. `S = 1` ला `kL` शून्य होतो आणि ओळ «शेजाऱ्याची मागची किंमत उचल» एवढीच उरते.

उजवं टोक माध्यमात असेल तर तिथला वेग वेगळा असतो. स्थिरांक ४ च्या माध्यमात वेग निम्मा, म्हणून `kR` काढताना `S/2` वापरावा लागतो. निर्वाताचाच आकडा ठेवलात तर लहरीच्या उंचीचा एक तृतीयांश भाग परत येतो.

## मला एकाच बाजूला जाणारी पल्स हवी आहे. सुरुवातीलाच क्षेत्रं भरून ठेवली तर?

चालेल, पण लूपमधली उगमाची ओळ काढून आणि जाळीची दोन्ही सरकणं लक्षात ठेवून. फक्त `ez` भरून `hy` शून्य ठेवला तर पल्स दुभंगते आणि निम्म्या उंचीचे दोन भाग विरुद्ध दिशांना जातात. म्हणून `hy` पण भरायचा, आणि बहुतेक जण `hy = -ez[:-1]/eta0` असं लिहितात.

मग एक विचित्र गोष्ट दिसते. मोठी पल्स उजवीकडे जाते आणि तिच्या मागून एक इवलीशी नक्कल डावीकडे निघते, एक टेकडी वर, एक खाली. `hy` ची जागा अर्धा खण पुढे आहे आणि वेळ अर्धी पायरी मागे, म्हणून त्याला `(1+S)/2` खणांनी सरकवलेली किंमत हवी होती. `S = 0.5` ला हे सरकणं पाऊण खण होतं. २० खण रुंदीच्या पल्ससाठी नकलेची उंची १.६ टक्के निघते. योग्य ओळ अशी:

```python
f = lambda x: np.exp(-((x - 100) / 20) ** 2)
ez[:] = f(np.arange(N + 1))
hy[:] = -f(np.arange(N) + 0.5 + S / 2) / eta0
```

सरकवलेली जाळी समजली की नाही हे तपासायला मला याहून चांगला प्रयोग माहीत नाही. `0.5` काढा, नक्कल येते. `S/2` काढा, थोडी लहान नक्कल येते. दोन्ही ठेवा, जाते.

## माध्यम कसं घालायचं, आणि आलेलं उत्तर बरोबर आहे हे कशावरून?

`ez` च्या ओळीत प्रत्येक बिंदूचा स्थिरांक भागायला घ्या:

```python
epsr = np.ones(N + 1)
epsr[251:] = 4.0
epsr[250] = 2.5
# लूपमध्ये:
ez[1:-1] += (S * eta0 / epsr[1:-1]) * np.diff(hy)
```

सीमेच्या बिंदूवर २.५ का? २५० व्या बिंदूवरच्या `Ez` च्या वाट्याला अर्धा खण डावीकडचा आणि अर्धा उजवीकडचा येतो, म्हणून सरासरी. सरळ `epsr[250:] = 4` लिहिलंत तर जग बुडत नाही, पण तुमचं माध्यम अर्धा खण आधी सुरू होतं.

आता कागदावर उत्तर काढू, मगच प्रोग्राम चालवू. माध्यमाचा अपवर्तनांक २, म्हणून परावर्तित उंची (१−२)/(१+२), म्हणजे −१/३. आत गेलेली उंची २/३. माथा २४० व्या पायरीला १०० व्या बिंदूवर होता. सीमा १५० खण दूर आहे आणि दर पायरीला अर्धा खण, म्हणजे ३०० पायऱ्या. माथा ५४० व्या पायरीला सीमेवर. ७०० व्या पायरीपर्यंत १६० पायऱ्या उरतात. त्यात परावर्तित पल्स ८० खण मागे येऊन १७० वर असायला हवी. आत गेलेली पल्स निम्म्या वेगाने ४० खण जाऊन २९० वर.

लूप संपल्यावर `ez.argmax()`, `ez.max()`, `ez.argmin()`, `ez.min()` छापा. २९० आणि ०.६६ च्या आसपास, १७० आणि −०.३३ च्या आसपास यायला हवं. जागेत एखाद्या बिंदूचा फरक चालेल. आत गेलेली पल्स रुंदीला निम्मी झालेली दिसेल, अर्धी रुंदी २० ऐवजी १० खण. वेळेत ती तेवढीच लांब आहे, पण हळू चालत असल्यामुळे जागेत दाबली गेली आहे. म्हणून `dx` ठरवताना नेहमी सगळ्यात जड माध्यमातली तरंगलांबी धरायची, हवेतली नव्हे.

`argmin` १३० आणि किंमत −१ आली, तर मुर यांच्या ओळी घालायच्या राहिल्या आहेत. उगमातून डावीकडे गेलेली पल्स ४४० व्या पायरीला भिंतीवर आपटून उलटी परतते आणि ७०० व्या पायरीला बरोबर तिथे असते. हीच पल्स अनेकांनी परावर्तन म्हणून मोजलेली आहे.

उंची बरोबर आली तरी ऊर्जेचा हिशोब एकदा करून घ्या. परावर्तित ऊर्जा १/९. आतली ४/९ येत नाही, तिला अपवर्तनांकाने गुणायचं, म्हणून ८/९. बेरीज १.

माध्यमात कूराँ अंक निम्मा होतो, मग `dt` वाढवता येईल का, असा पुढचा प्रश्न येतो. नाही. सगळ्या जाळीला एकच `dt` असतो, आणि अट सगळ्यात वेगवान जागेची लागते. हवेचा थोडासा तुकडा शिल्लक असला तरी तोच मर्यादा ठरवतो.

## दोन किंवा तीन मितींत हीच मर्यादा लागू पडते का?

नाही, ती घट्ट होते. चौरस जाळीवर दोन मितींत `S` ०.७०७ च्या आत आणि तीन मितींत ०.५७७ च्या आत ठेवावा लागतो, कारण करवतीचा आकार तिरप्या दिशेनेही बसू शकतो. एका मितीतला चालणारा कोड `S = 0.9` वर ठेवून तसाच दोन मितींत नेला, की पहिल्याच दिवशी दाते उगवतात. मुर यांची अटही तिथे फक्त सरळ आपटणाऱ्या लहरीला नीट गिळते, तिरपीला अर्धवट परत पाठवते. त्यासाठी १९९४ मध्ये बेरांजे यांनी दिलेला शोषक थर लागतो, आणि त्याचा कोड या पानावरच्या सगळ्या ओळी एकत्र केल्या तरी त्यांहून लांब होतो.